बॅकटेस्टमध्ये भरघोस नफा, प्रत्यक्षात नाही: बिघाड क्रमाने कसा शोधायचा

एखादा साधा नियम लिहिला, मागच्या दहा वर्षांच्या भावांवर चालवून पाहिला, म्हणजेच बॅकटेस्ट किंवा चाचणी केली, वर्षाला तीस टक्के परतावा दिसला. मग खरे पैसे लावले आणि वर्षभरात निफ्टीच्याही मागे पडलो. ही तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या एक्सेल फाइली आणि पायथन स्क्रिप्ट मी बऱ्याच काळापासून तपासतो आहे. नियम प्रत्येकाचा वेगळा असतो, पण बिघाड जवळजवळ दर वेळी त्याच तीन-चार ठिकाणी निघतो. त्यामुळे तपासण्याचा क्रमही आता ठरून गेला आहे. आधी जे दहा मिनिटांत आणि फुकटात कळते ते, आणि ज्याला महिनाभराचे काम किंवा विकतचा डेटा लागतो ते शेवटी.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एकच नियम समोर ठेवतो, कारण माझ्याकडे सर्वांत जास्त वेळा हाच येतो. दर महिन्याच्या सुरुवातीला निफ्टी ५० मधले, मागच्या सहा महिन्यांत सर्वाधिक वाढलेले दहा शेअर घ्यायचे. प्रत्येकात सारखी रक्कम. पुढच्या महिन्यात यादी पुन्हा काढायची, बाहेर पडलेले विकायचे, नवे घ्यायचे. भांडवल पाच लाख धरू.

लक्षणे

पहिले लक्षण: नियम जितका वारंवार चालवाल तितका निकाल सुधारत जातो. महिन्याऐवजी आठवड्याला बदल केला की परतावा वाढतो, रोज केला की आणखी वाढतो. खऱ्या बाजारात प्रत्येक बदलाला पैसे पडतात, त्यामुळे कुठेतरी हा आलेख खाली वळायलाच हवा. तो वळत नसेल तर खर्च धरलेलाच नाही किंवा फारच कमी धरला आहे.

दुसरे: मोठ्या पडझडीत तुमची रेघ विचित्र शांत दिसते. जानेवारी २०२० च्या वरच्या बंद पातळीपासून २३ मार्चपर्यंत निफ्टी सुमारे ३८ टक्के पडला होता. सतत शंभर टक्के शेअरमध्येच असणारा नियम त्या काळात पंधरा-वीस टक्क्यांवर सावरला असे दिसत असेल, तर नियमाचे कौतुक करण्याआधी डेटावर संशय घ्या.

तिसरे: नियमातला आकडा थोडा बदलला, सहाऐवजी चार महिने किंवा नऊ महिने केला, तरी निकाल उत्तमच राहतो. याला लोक नियमाची मजबुती समजतात. कधी ती खरी असतेही. पण पुष्कळदा याचा अर्थ असा की नफा नियमातून येतच नाही, तो शेअरांच्या यादीतून येतो आहे.

चौथे लक्षण प्रत्यक्ष खात्यात दिसते: ब्रोकरकडून येणाऱ्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरचा खरेदीचा भाव चाचणीतल्या भावापेक्षा बहुतेक वेळा जास्त आणि विक्रीचा बहुतेक वेळा कमी. फरक छोटा असतो, पण तो एकाच दिशेला झुकलेला असतो.

तपासणी १: व्यवहार एक दिवस पुढे सरकवा

ही सर्वांत स्वस्त तपासणी, एका ओळीची. चाचणी ज्या दिवशीच्या बंद भावावरून निर्णय घेते, त्याच दिवशीची वाढ स्वतःच्या खात्यात जमा करते का, हे पाहायचे. खाली `close` म्हणजे रोजच्या बंद भावांचा तक्ता आणि `w` म्हणजे रोजच्या वजनांचा, म्हणजे भांडवलातल्या प्रत्येक शेअरच्या वाट्याचा तक्ता.

```python
r = close.pct_change()
for k in (0, 1, 2):
    ret = (w.shift(k) * r).sum(axis=1)
    print(k, (1 + ret).prod())
```

शून्यावरचा निकाल हा डोकावून पाहिलेला निकाल आहे: आज शेअर वाढला हे कळल्यावर आजच्याच वाढीचा फायदा घेतला. एकवर डोकावणे थांबते, पण तुम्ही अगदी बंद भावालाच खरेदी केली असे गृहीत राहते. दोनवर दुसऱ्या दिवशीच्या बंद भावाची खरेदी धरली जाते. एक्सेलमध्ये हेच करायला वजनाचा संदर्भ एक ओळ, मग दोन ओळी वर न्या.

एक आणि दोन यांतला फरक का पाहायचा? राष्ट्रीय शेअर बाजाराच्या आजवरच्या डेटामधला बंद भाव हा शेवटच्या सौद्याचा भाव नसतो. तो दुपारी तीन ते साडेतीन या अर्ध्या तासातल्या सौद्यांचा, प्रमाणानुसार काढलेला सरासरी भाव असतो. म्हणजे तो आकडा तयार होतो तेव्हा नेहमीचे सत्र संपलेले असते. त्या भावाला सौदे होणारे ३:४० ते ४:०० चे सत्र आहे, पण समोर विकणारा असला तरच, आणि तिथे व्यवहार अगदी थोडे होतात. त्यामुळे आजच्या बंद भावावरून ठरवायचे आणि आजच्याच बंद भावाला घ्यायचे, हे साधारण गुंतवणूकदाराला जमत नाही. प्रामाणिक चाचणी दुसऱ्या दिवशीच्या भावाने होते.

आपल्या मासिक नियमात शून्य, एक आणि दोन यांत फार फरक पडायला नको, कारण महिन्यातला एकच दिवस हलतो. तरीही परतावा निम्म्यावर आला तर कोडमध्ये उघड चूक आहे, पुढे जाऊ नका. रोज बदल करणाऱ्या नियमांत मात्र अख्खा नफा इथेच विरघळलेला मी अनेकदा पाहिला आहे.

तपासणी २: खर्च पैशांत मांडा

"०.१ टक्का धरला आहे" हे उत्तर मला नेहमी मिळते. तो आकडा कुठून आला, तो एका बाजूचा की दोन्ही बाजूंचा, हे सांगता येत नाही. म्हणून कागदावर एकदा पूर्ण हिशोब मांडावा.

डिलिव्हरीच्या, म्हणजे शेअर डीमॅट खात्यात घेण्याच्या व्यवहारात एसटीटी, म्हणजे रोखे व्यवहार कर, खरेदीवर ०.१ टक्के आणि विक्रीवर पुन्हा ०.१ टक्के. मुद्रांक शुल्क फक्त खरेदीवर, ०.०१५ टक्के. एक्स्चेंजचे व्यवहार शुल्क दोन्ही बाजूंना ०.००२९७ टक्के. सेबीचे शुल्क एक कोटीला दहा रुपये. दलाली, एक्स्चेंज आणि सेबीच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. शिवाय विक्रीच्या दिवशी प्रत्येक कंपनीमागे डीमॅटचे शुल्क, जे ब्रोकरनुसार बदलते. इथे सोळा रुपये धरतो, आणि दलाली शून्य धरतो. तुमचा ब्रोकर डिलिव्हरीवर दलाली घेत असेल तर ती वेगळी मिळवा.

आता आपल्या नियमात महिन्याला दहापैकी चार शेअर बदलले असे समजा. दोन लाखांची विक्री, दोन लाखांची खरेदी. एसटीटी चारशे रुपये, मुद्रांक तीस, एक्स्चेंज जवळपास बारा, सेबी आणि जीएसटी मिळून अडीच रुपये. हे झाले सुमारे ४४४. डीमॅटचे चौसष्ट. भावातली घसर, म्हणजे स्लिपेज, प्रत्येक बाजूला ०.१ टक्के धरली तर आणखी चारशे. एकूण ९०८ रुपये. वर्षाला सुमारे १०,९०० रुपये, म्हणजे पाच लाखांवर २.२ टक्के.

हाच नियम कोणी आठवड्याला चालवला आणि दर आठवड्याला चार शेअर बदलले, तर ९०८ गुणिले ५२, म्हणजे ४७,२१६ रुपये. भांडवलाच्या ९.४ टक्के. नियमाला निफ्टीची बरोबरी करण्यासाठीच आधी निफ्टीपेक्षा साडेनऊ टक्के जास्त कमवावे लागतील. पहिल्या लक्षणातला वर-वर जाणारा आलेख ही बेरीज मिळवल्यावर बहुधा लगेच खाली वळतो.

```python
held = w.shift(2)
ret = (held * r).sum(axis=1)
turnover = held.diff().abs().sum(axis=1) / 2
net = ret - turnover * (0.00222 + 0.0020)
```

पहिला आकडा सरकारी आणि एक्स्चेंजचा दोन्ही बाजूंचा खर्च, दुसरा दोन्ही बाजूंचे स्लिपेज. डीमॅटचे शुल्क रकमेवर नसून कंपनीमागे असल्याने ते इथे आलेले नाही. भांडवल पन्नास हजार असेल तर तेच सर्वांत जड ठरते: महिन्याला चौसष्ट रुपये म्हणजे वर्षाला दीड टक्का.

एक प्रश्न हमखास येतो: २०१२ पूर्वी एसटीटी जास्त होता, मुद्रांक शुल्क जुलै २०२० पर्यंत राज्यागणिक वेगळे होते, मग जुन्या वर्षांना जुने दर लावायचे का? माझ्या मते नाही. नियम तुम्ही यापुढे चालवणार आहात, म्हणून मागच्या सगळ्या वर्षांनाही आजचेच दर लावा. दर बदलले की हिशोब नव्याने करा.

कर वेगळ्या ओळीत ठेवा, पण ठेवा. वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून २० टक्के कर आहे, वर उपकर. मासिक नियमातला बहुतेक नफा याच खान्यात पडतो. खर्च वजा जाता अठरा टक्के राहिले तर कर भरून साधारण सव्वाचौदा उरतात. निर्देशांकाच्या फंडात तेच पैसे पडून राहिले असते तर विकेपर्यंत कर नसता, आणि विकल्यावरही सव्वा लाखांवरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्याला १२.५ टक्के. तुलना करायची ती या दोघांत.

तपासणी ३: नियम काढून टाका, फक्त यादी चालवा

सर्व्हायव्हरशिप बायस, म्हणजे टिकून राहिलेल्याच कंपन्यांवर चाचणी केल्याने येणारा दोष, पकडण्याची ही सर्वांत स्वस्त युक्ती आहे आणि तिला वेगळा डेटा लागत नाही. तुमच्या फाइलमध्ये जे पन्नास शेअर आहेत, ते सगळे चाचणीच्या पहिल्या दिवशी सारख्या रकमेने विकत घ्या आणि शेवटपर्यंत काहीच करू नका. एखादा शेअर तेव्हा बाजारात आलेला नसेल तर तो आल्या दिवशी घ्या. हा परतावा निफ्टी ५० च्या, लाभांश धरून काढलेल्या निर्देशांकाशी ताडून पाहा. समान वजनाचाही एक अधिकृत निफ्टी निर्देशांक आहे, त्याच्याशीही ताडा.

काहीच न करणारी यादी निर्देशांकाला वर्षाला पाच-सात टक्क्यांनी मागे टाकत असेल, तर तो फरक तुमच्या नियमाचा नाही. तो आधीपासूनच यादीत भरलेला आहे.

दुसरी पायरी: दर महिन्याला सर्वाधिक वाढलेले दहा घेण्याऐवजी त्याच यादीतले कोणतेही दहा यादृच्छिक पद्धतीने निवडा. असे दोनशे वेळा चालवा. तुमचा नियम या दोनशे निकालांच्या मधोमध कुठेतरी पडत असेल, तर सहा महिन्यांच्या वाढीचा निकष काहीही काम करत नाही. तिसऱ्या लक्षणाचा उगम बहुतेक वेळा इथे उघडा पडतो.

तपासणी ४: जागा तीच, कंपन्या वेगळ्या

आता यादीत नेमके काय बिघडते ते नीट पाहू. माझ्या अनुभवात सर्वांत मोठा खोटा नफा इथूनच येतो, आणि लोक त्याचा अर्धाच भाग ओळखून असतात.

बहुतेक जण आजची निफ्टी ५० ची यादी उतरवून घेतात आणि ती दहा वर्षे मागे चालवतात. पण निफ्टीची यादी वर्षातून दोनदा तपासली जाते, आणि बदल साधारण मार्च व सप्टेंबरच्या अखेरीस लागू होतात. एका जागेचा प्रवास पाहा. येस बँक मार्च २०१५ मध्ये निफ्टीत आली. मार्च २०२० मध्ये ती बाहेर पडली आणि तिच्या जागी श्री सिमेंट आले. सप्टेंबर २०२२ अखेरीस श्री सिमेंट बाहेर पडले आणि अदानी एंटरप्रायझेस आत आली. आजच्या यादीवर केलेली चाचणी या तिघांपैकी फक्त शेवटची कंपनी पाहते, आणि ती पहिल्या दिवसापासून आत होती असे समजते.

परिणाम पाहा. अदानी एंटरप्रायझेसचा भाव २०२० च्या सुरुवातीला दोनशेच्या आसपास होता आणि निफ्टीत प्रवेश झाला तेव्हा ३,४०० च्या वर. या दरम्यान सहा महिन्यांच्या वाढीचा निकष तिला वारंवार पहिल्या दहांत आणतो आणि चाचणी त्या सगळ्या वाढीचा मोठा हिस्सा जमा करते. प्रत्यक्षात २०२१ मध्ये "निफ्टी ५० मधलेच शेअर घेणार" असे ठरवलेल्या माणसाला तो शेअर घेताच आला नसता, कारण तो निफ्टीत नव्हता. तो इतका वाढला म्हणूनच पुढे आत आला. आत आल्यानंतर चारच महिन्यांत, फेब्रुवारी २०२३ च्या सुरुवातीला, तो एका टप्प्यावर हजाराच्या जवळ येऊन गेला. ही पडझड मात्र खऱ्या नियमाच्या वाट्यालाही येऊ शकत होती.

ट्रेंटचे तेच. सप्टेंबर २०२४ अखेरीस ती निफ्टीत आली, त्याआधीच्या वर्षभरात तिचा भाव कितीतरी पटींनी वाढलेला होता. आजची यादी ती वाढ तुमच्या नियमाच्या नावावर लिहिते.

म्हणून "पडलेल्या कंपन्या यादीतून गायब होतात" एवढीच या दोषाची व्याख्या पुरेशी नाही. वाढत्या शेअरमागे जाणाऱ्या नियमात गायब झालेल्यांपेक्षा अकाली आत आलेले जास्त नुकसान करतात. येस बँक ऑगस्ट २०१८ मध्ये चारशेच्या आसपास होती आणि पुढे दीड वर्ष घसरत गेली. आपला नियम तिला काही महिन्यांतच सोडून देतो, मार्च २०२० पर्यंत धरून बसत नाही.

उलट पडलेला शेअर स्वस्तात घेण्याचे नियम, म्हणजे बावन्न आठवड्यांच्या नीचांकाला खरेदी किंवा आरएसआय हा भावाचा जोर मोजणारा आकडा तीसच्या खाली आला की खरेदी, यांना गायब झालेल्या कंपन्या मारतात. असा नियम येस बँक तीनशेला घेतो, दोनशेला घेतो, पन्नासला घेतो. आजच्या यादीत ती नाहीच, त्यामुळे चाचणीत पडलेला प्रत्येक शेअर पुन्हा उठलेला दिसतो. उठला नसता तर तो आज यादीत राहिला नसता. या जातीच्या नियमांची ऐंशी-नव्वद टक्के यशाची टक्केवारी दिसली की मी आधी यादीच मागतो.

उपाय कष्टाचा आहे, पण अवघड नाही. प्रत्येक कंपनी कधी आत आली आणि कधी बाहेर पडली याची फाइल करायची. निफ्टीचे बदल जाहीर करणारी पत्रके निर्देशांक कंपनीच्या संकेतस्थळावर असतात, त्यातून एकेक नोंद भरता येते.

```
symbol,from,to
YESBANK,2015-03-27,2020-03-19
SHREECEM,2020-03-19,2022-09-30
ADANIENT,2022-09-30,
```

```python
def members(day):
    ok = (m["from"] <= day) & (m["to"].isna() | (m["to"] > day))
    return m.loc[ok, "symbol"].tolist()
```

इथे `m` म्हणजे वरची फाइल वाचून केलेला तक्ता. तारखांचे रकाने वाचताना खऱ्या तारखांत बदलून घ्या, नाहीतर तुलना चुकेल. फाइल झाल्यावर एक सोपी पडताळणी: कोणत्याही दिवशी `members` ने साधारण पन्नास नावे द्यायला हवीत. बेचाळीस देत असेल तर नोंदी राहिल्या आहेत. पन्नासच्या बरीच वर जात असेल तर बाहेर पडण्याच्या तारखा चुकल्या आहेत. दोन-तीन संध्याकाळी खर्च होतात, पण निफ्टी ५० साठी हे घरी करता येते. निफ्टी ५०० साठी मात्र करू नका, त्याबद्दल शेवटी.

तपासणी ५: नाहीशा झालेल्या शेअरचे शेवटी काय झाले

जुनी यादी केल्यावर लगेच दिसते की काही कंपन्यांचे भावच मिळत नाहीत. फुकटच्या संकेतस्थळांवर बाजारातून गेलेल्या कंपन्यांचा इतिहास बहुधा नसतो. इथे दोन उलट चुका होतात. कोणी भाव नाही म्हणून ती कंपनी गाळतो, आणि दोष परत येतो. कोणी सगळ्यांना शून्य धरतो, तेही चूक.

एचडीएफसी निफ्टीतली मोठी कंपनी होती. जुलै २०२३ मध्ये ती एचडीएफसी बँकेत विलीन झाली आणि भागधारकांना २५ शेअरमागे बँकेचे ४२ शेअर मिळाले. तिला शून्य धरले तर चाचणी विनाकारण बुडते. रॅनबॅक्सीच्या एका शेअरमागे सन फार्माचा ०.८ शेअर मिळाला होता. दुसरीकडे डीएचएफएल: जून २०२१ मध्ये दिवाळखोरीच्या तोडग्यानंतर तिचे शेअर बाजारातून काढले गेले आणि भागधारकांच्या हाती काहीच आले नाही. ती निफ्टी ५० मध्ये कधी नव्हती, पण मिडकॅपवर चाचणी करणाऱ्यांना ती लागते. प्रत्येक गेलेल्या कंपनीसमोर विलीनीकरणाचे प्रमाण, खुल्या खरेदीचा भाव किंवा शून्य, यांपैकी एक लिहावेच लागते.

येस बँकेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे जी कोणत्याही भावाच्या फाइलमध्ये सापडत नाही. मार्च २०२० च्या पुनर्रचनेत शंभरहून जास्त शेअर असलेल्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. चाचणीत "विका" म्हटले की शेअर विकला जातो. प्रत्यक्षात त्या दिवशी तीन चतुर्थांश शेअर विकताच येत नव्हते.

तपासणी ६: स्लिपेज मोजा, अंदाज करू नका

वर मी ०.१ टक्का धरला तो निफ्टी ५० च्या शेअरसाठी आणि पन्नास हजारांच्या ऑर्डरसाठी. तिथे तो पुरेसा, बऱ्याचदा जास्तच आहे. पण लहान कंपन्यांत हा आकडा लागू पडत नाही, हे एका ऑर्डरवरून पाहा.

समजा एका स्मॉलकॅप शेअरचा खरेदीचा सर्वोत्तम भाव २११.९० आहे आणि विक्रीचा २१२.४०. चाचणी मधला भाव, २१२.१५, धरते. तुम्हाला पाचशे शेअर हवेत, म्हणजे साधारण एक लाखाचे. २१२.४० ला १८० शेअर आहेत, २१२.६५ ला १४०, त्यापुढे २१३.१० ला ३००. बाजारभावाने ऑर्डर टाकली तर १८० पहिल्या भावाला, १४० दुसऱ्याला आणि उरलेले १८० तिसऱ्याला मिळतील. सरासरी २१२.७२. मधल्या भावापेक्षा ५७ पैसे जास्त, म्हणजे ०.२७ टक्के, आणि हे फक्त खरेदीचे. विकताना पुन्हा तेवढेच धरले तर एका फेरीला अर्ध्या टक्क्याहून जास्त झाले. वरच्या सरकारी खर्चाच्या दुपटीहून अधिक.

भाव मर्यादा घालून ऑर्डर टाकली की हा खर्च टळतो असे वाटते, पण मग दुसरी अडचण येते. चाचणीत दिवसाचा नीचांक तुमच्या मर्यादेला शिवला की खरेदी झाली असे धरले जाते. प्रत्यक्षात त्या भावाला तुमच्या पुढे रांग असते. जो शेअर तुमच्या भावाला शिवून वर गेला तो तुम्हाला मिळत नाही, आणि जो तिथून खाली कोसळला तो नक्की मिळतो. म्हणून मर्यादेच्या ऑर्डरीची चाचणी करताना भाव मर्यादेच्या खाली गेला असेल तरच खरेदी धरा, नुसता शिवला तर नाही.

सर्किटचेही पाहा. वायदे नसलेल्या शेअरना दिवसाला २, ५, १० किंवा २० टक्क्यांची मर्यादा असते. खालच्या सर्किटला शेअर लागला की विकणारेच उरतात. ज्या दिवशी उच्चांक, नीचांक आणि बंद भाव एकच आहे आणि भाव कालच्यापेक्षा पाच टक्के खाली आहे, त्या दिवशी चाचणीने विक्री करू नये. हा नियम घालायला एक ओळ लागते आणि स्मॉलकॅप चाचण्यांतले स्टॉपलॉस त्यानंतर फारसे सुंदर दिसत नाहीत.

खात्यात काही महिन्यांचे व्यवहार झाले असतील तर मोजमाप सोपे आहे. प्रत्येक सौद्यासाठी निर्णयाच्या वेळचा भाव आणि कॉन्ट्रॅक्ट नोटवरचा सरासरी भाव शेजारी लिहा, फरकाची टक्केवारी काढा. फायद्यात गेलेले सौदेही ठेवा, पण सरासरी खरेदी आणि विक्रीची वेगळी काढा. वाढत्या शेअरमागे जाणाऱ्या नियमात खरेदीची बाजू जास्त महाग निघते, कारण तुम्हाला हवा असलेला शेअर त्याच वेळी इतरांनाही हवा असतो. व्यवहार अजून सुरूच केले नसतील तर मोठ्या शेअरना प्रत्येक बाजूला ०.१, मध्यम कंपन्यांना ०.२५ आणि लहानांना ०.५ टक्के धरून सुरुवात करा. हे माझे अंदाज आहेत. आणि ऑर्डर त्या शेअरच्या रोजच्या सरासरी उलाढालीच्या एक टक्क्यावर जात असेल तर हेही कमी पडतील.

इथे थांबा आणि जाणत्याकडे जा

या सहा तपासण्यांनंतर परतावा निर्देशांकाच्या आसपास आला असेल, तर नियमात नवे निकष घालून तो पुन्हा वर नेण्याचा प्रयत्न करू नका. त्याच डेटावर पंचवीस निकष तपासले की एखादा योगायोगाने चमकतोच. बिघाड सापडला आहे आणि उत्तर "हा नियम चालत नाही" असे आहे.

निफ्टी ५०० किंवा मिडकॅप-स्मॉलकॅपवर काम करायचे असेल तर जुन्या याद्या हाताने भरू नका. शेकडो नावबदल, विलीनीकरणे आणि विभाजने त्यात आहेत. जिओ फायनान्शियल रिलायन्सपासून वेगळी झाली, जुलै २०२३, तेव्हा रिलायन्सचा भाव आदल्या दिवशीच्या बंद भावापेक्षा सुमारे नऊ टक्क्यांनी खाली उघडलेला दिसतो. प्रत्यक्षात भागधारकाच्या हाती त्या बदल्यात दुसरा शेअर आलेला असतो. तुमच्या फाइलमध्ये ही दुरुस्ती आहे का, हे प्रत्येक कंपनीसाठी तपासणे एका माणसाचे काम नाही. गेलेल्या कंपन्यांसह त्या-त्या दिवशीचा डेटा देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडून तो घ्यावा. घेण्याआधी त्याला डीएचएफएलचा २०१९ चा भाव आणि एचडीएफसीचा जुलै २०२३ पर्यंतचा भाव मागून पाहावा. दोन्ही देऊ शकला नाही तर पैसे देऊ नका.

वायदे-पर्यायांत नियम चालवत असाल तर त्याचे उत्पन्न व्यवसायात मोजले जाते आणि एसटीटीचे दर निराळे असतात, अर्थसंकल्पात बदलतातही. त्याचा हिशोब पहिल्या वर्षीच सनदी लेखापालाकडून करून घ्या, विवरणपत्र भरायच्या आठवड्यात नाही. आणि मोबदला घेऊन नातेवाइकांचे किंवा मित्रांचे पैसे या नियमावर लावायचे ठरत असेल, किंवा शेअरांची यादी पैसे घेऊन द्यायची असेल, तर ते सेबीच्या नोंदणीशिवाय करता येत नाही. तिथे चाचणी बाजूला ठेवून आधी नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागाराला भेटा. जाताना चाचणीची फाइल, सदस्ययादीची फाइल आणि खर्चाचा तक्ता हे तिन्ही सोबत न्या, म्हणजे पहिल्याच भेटीत तो आकडे तपासू शकेल.